पगाराची फाईल चुकली: वरिष्ठांना काय, कधी आणि कसे सांगायचे

हातून मोठी चूक झाली की ती वरिष्ठांच्या कानावर घालावी हे सगळ्यांनाच मान्य असते. गाडी अडते ती कधी सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि किती माहिती हातात आल्यावर सांगायचे इथे. हे मोघमात समजत नाही. म्हणून अकाउंट्स विभागात खरोखर घडणारी एक चूक घेऊ आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या नोंदीपर्यंत तिचा अहवाल कसा द्यायचा ते पाहू. उदाहरणातले आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. चुकीची तऱ्हा मात्र अगदी ओळखीची आहे.

प्रसंग असा. भोसरी एमआयडीसीतली ६४ कामगार-कर्मचाऱ्यांची कंपनी. पगाराचा हिशोब पक्का झाल्यावर अकाउंट्स असिस्टंट बँकेच्या पोर्टलसाठी एक्सेलची फाईल बनवते. त्यात कर्मचारी कोड, नाव, रक्कम, मग दिसायला बरा म्हणून सोडलेला एक रिकामा स्तंभ, आणि त्यापुढे खाते क्रमांक व आयएफएससी. यादी आडनावांच्या अकारविल्हे होती. या महिन्यात दोन नवे लोक आले, त्यांची नावे तळाला ६३ आणि ६४ क्रमांकावर घातली आणि यादी पुन्हा आडनावाप्रमाणे लावली. एक्सेल रिकाम्या स्तंभापाशी थांबते. पलीकडचा भाग वेगळा तक्ता आहे असे ते समजते. त्यामुळे कोड, नाव आणि रक्कम हलली, खाते क्रमांक जागचे हलले नाहीत. एकच स्तंभ निवडून क्रम लावला असता तर `Sort Warning` ची खिडकी उघडली असती. इथे तीही उघडली नाही.

परिणाम लक्षात घ्या. पहिला नवा माणूस २४ व्या जागी गेला, त्यामुळे पहिली २३ नावे बरोबर राहिली. तिथून पुढे प्रत्येकाच्या खात्यात यादीतल्या त्याच्या वरच्या माणसाचा पगार पडला. दुसरा नवा माणूस ४६ व्या जागी गेला आणि तिथून पुढे सगळे दोन घरे सरकले. म्हणजे ६४ पैकी ४१ खात्यांत दुसऱ्याची रक्कम गेली. नेफ्टमध्ये बँक खाते क्रमांक पाहून पैसे जमा करते, नाव जुळवून पाहत नाही. त्यामुळे बँकेकडून एकही नोंद परत आली नाही. फाईल १ तारखेला दुपारी १२:१० ला मंजूर झाली आणि ३:२० ला शॉपफ्लोअरवरून पहिला फोन आला की पगार कमी आलाय.

फोन ठेवल्यावरची पंधरा मिनिटे

या वेळात फक्त तीन गोष्टी करायच्या.

पहिली, एका तक्रारीवरून अंदाज न बांधता चूक आहे का आणि कुठवर आहे ते पाहायचे. पोर्टलवरून झालेल्या व्यवहारांचा अहवाल उतरवून घ्या आणि तक्रार करणाऱ्याचा खाते क्रमांक मूळ नोंदीशी ताडा. मग आणखी चार-पाच ओळी ताडा, त्यात यादीची पहिली, मधली आणि शेवटची ओळ हवीच. पहिली बरोबर, मधली चूक, शेवटची चूक असे दिसले की चूक एका माणसाची नाही, ओळी सरकल्या आहेत हे कळते. सगळ्या ६४ ओळी ताडत बसायची ही वेळ नाही.

दुसरी, चूक अजून वाढतेय का ते बघायचे. फाईलचा काही भाग मंजुरीसाठी थांबला आहे का? कंत्राटी कामगारांची दुसरी फाईल त्याच तक्त्यावरून बनून उद्यासाठी लावून ठेवली आहे का? असेल तर ती आधी थांबवा, आणि थांबवायचा अधिकार आपल्याकडे नसेल तर साहेबांकडे धाव घेण्याचे तेच सर्वांत मोठे कारण. नेफ्ट दिवसरात्र दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालते. मंजूर न झालेली फाईल थांबते, मंजूर झालेली हाताबाहेर जाते.

तिसरी, चुकलेल्या फाईलला हात लावायचा नाही. तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. घाबरून तीच फाईल दुरुस्त करून सेव्ह केली तर चूक कशी झाली हे दाखवणारी एकमेव वस्तू जाते. वर नंतर कुणी पाहिले तर ते पुरावा मिटवल्यासारखे दिसते.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. वाटते की आधी सगळे निस्तरू, मग एकदमच सांगू. ज्यांना जास्त गेले त्यांना फोन करून परत मागू, ज्यांना कमी गेले त्यांना पाठवू. पण कमी गेलेल्यांना द्यायला कंपनीच्या खात्यातून नवे पैसे लागतात आणि ते सोडायचा अधिकार असिस्टंटकडे नसतो. जास्त गेलेल्यांशी काय बोलायचे हा एचआरचा विषय असतो. आणि शॉपफ्लोअरवर दहा मिनिटांत सगळ्यांना कळलेले असते. साहेबांना ही बातमी युनियनच्या प्रतिनिधीकडून कळली तर त्यानंतरच्या आपल्या प्रत्येक वाक्याची किंमत निम्मी होते.

तोंडी सांगताना

आधी तोंडी, मग लेखी. साहेब जागेवर असतील तर केबिनमध्ये जाऊन, बाहेर असतील तर फोन करून. व्हॉट्सॲपवर "सर, थोडा प्रॉब्लेम झालाय" एवढेच टाकून ठेवू नका. तो मेसेज दोन तासांनी वाचला जाऊ शकतो, आणि वाचूनही काही समजत नाही.

बोलणे मिनिटभराचे असावे आणि साहेबांना ज्या क्रमाने निर्णय घ्यायचे आहेत त्याच क्रमाने असावे:

"सर, दोन मिनिटं आत्ताच हवीत. पगाराच्या फाईलमध्ये माझ्याकडून मोठी चूक झालीय. २४ व्या ओळीपासून पुढे खाते क्रमांक सरकले, त्यामुळे साधारण चाळीस जणांच्या खात्यात दुसऱ्याचा पगार जमा झालाय. पैसे गेलेत, थांबवता येणार नाहीत. कंत्राटी कामगारांची फाईल मंजुरीला होती, ती रोखलीय. नेमके किती जणांना किती कमी-जास्त गेले ते साडेचारपर्यंत देते. तुमच्याकडून आत्ता दोन गोष्टी हव्यात. कमी गेलेल्यांना आजच फरक देण्यासाठी अंदाजे अडीच लाखांची मंजुरी लागेल. आणि एचआरने शॉपफ्लोअरला लगेच कळवायला हवं."

यात "माझ्याकडून" हा शब्द पहिल्या दोन वाक्यांतच येतो आणि पुन्हा येत नाही. माफी एकदा मागायची. पाच वेळा मागितली की साहेबांना तुमची समजूत काढावी लागते आणि वेळ त्यातच जातो. "फाईलमध्ये गडबड झाली", "एक्सेलने घोळ घातला" अशी कर्ता गायब केलेली वाक्ये टाळा. ऐकणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो, कुणी केली? आणि मग चौकशीचा सूर लागतो.

"साधारण" आणि "अंदाजे" हे शब्द या टप्प्यावर चालतात, किंबहुना हवेतच. खात्री नसलेला आकडा ठामपणे सांगितला आणि तासाभरात तो बदलला, तर चुकीपेक्षा ते जास्त बोचते. फक्त पक्का आकडा कधी मिळेल ती वेळ सांगा आणि ती पाळा.

एक नाजूक जागा आहे. छोट्या कंपनीत पोर्टलवर फाईल चढवणारी असिस्टंट असते आणि मंजूर करणारे बहुधा हेच साहेब असतात. म्हणजे फाईल त्यांच्याही हाताखालून गेलेली असते. "पण सर, तुम्हीच मंजूर केली होती" हे वाक्य खरे असले तरी आत्ता त्याचा उपयोग नाही. जे खरोखर घडले तेच सांगावे: मंजुरीच्या पडद्यावर एकूण रक्कम आणि नोंदींची संख्या दिसते आणि ती दोन्ही बरोबर होती. ओळी सरकल्या तरी बेरीज बदलत नाही. त्या पडद्यावर ही चूक दिसणे शक्यच नव्हते. यात कुणाला वाचवणे नाही आणि कुणावर ढकलणेही नाही. पुढे प्रतिबंधाची योजना नेमकी याच निरीक्षणावर उभी राहते.

परिणाम मोजताना

परिणाम म्हणजे एकूण रक्कम नव्हे. ६४ जणांचा पगार २४,८०,००० रुपये, म्हणून "पंचवीस लाखांचा घोळ" असे लिहिणे चूक आहे, आणि "पैसे कंपनीतल्याच लोकांकडे आहेत, नुकसान काही नाही" असे लिहिणेही चूक आहे.

प्रत्येक खात्यासमोर दोन रकमा मांडा: मिळायला हवे होते ते आणि जमा झाले ते. तिसऱ्या स्तंभात फरक. आपल्या उदाहरणात ४१ खात्यांपैकी १८ जणांना जास्त गेले, २० जणांना कमी, आणि ३ जणांना दुसऱ्याचा पगार जाऊनही रक्कम योगायोगाने तेवढीच आली, कारण वरच्या ऑपरेटरचा पगारही तितकाच होता. जास्त गेलेल्यांची बेरीज २,३६,५०० आणि कमी गेलेल्यांचीही बेरीज २,३६,५००. या दोन बेरजा तंतोतंत जुळल्याच पाहिजेत, कारण तेच पैसे तेवढ्याच लोकांत फिरले आहेत. एक रुपयाचाही फरक आला तर मोजणीत अजून काहीतरी सुटले आहे, अहवाल पाठवू नका.

पैशापलीकडचे परिणाम दोन. पुष्कळांचे कर्जाचे हप्ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यातून आपोआप कापले जातात. ज्याला १४,००० कमी मिळाले त्याचा हप्ता परत गेला तर दंड त्याच्या माथी बसतो. म्हणून २० जणांना "उद्या-परवा" नव्हे, आजच फरक मिळायला हवा. शिवाय पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पूर्ण देण्याचे कायदेशीर बंधन कंपनीवर आहे. दुसरा परिणाम गोपनीयतेचा. यादी आडनावाप्रमाणे आहे आणि प्रत्येकाला वरच्याचा पगार मिळालाय हे एकाच्या लक्षात आले की कुणाचा पगार किती ते सगळ्यांना समजणार. म्हणून एचआरच्या सूचनेत "ओळी सरकल्या" हा तपशील घालू नये असे साहेबांना सुचवा.

काय बिघडलेले नाही तेही लिहा. पगाराचा हिशोब आणि पगारपत्रके बरोबर आहेत, फक्त पैसे चुकीच्या खात्यात गेलेत. त्यामुळे ७ तारखेचा टीडीएस, १५ तारखेची पीएफ आणि ईएसआयसीची चलने यांना धक्का नाही. हे वाक्य नसेल तर साहेब पुढचा अर्धा तास तेच प्रश्न विचारत राहतील.

लेखी अहवाल

तोंडी सांगितल्यापासून तासाभरात मेल जायला हवा. ऑफिसचे मेल इंग्रजीत चालत असतील तर भाषा बदला, क्रम हाच ठेवा.

> विषय: पगार फाईलमधील चूक – ३८ जणांना चुकीची रक्कम – आज ५ पर्यंत २,३६,५०० ची मंजुरी हवी
>
> सर,
>
> आज १२:१० ला मंजूर झालेल्या पगाराच्या फाईलमध्ये माझ्याकडून चूक झाली. क्रम लावताना नावे आणि रकमा हलल्या, खाते क्रमांक हलले नाहीत. ३:२० ला पहिली तक्रार आली, ३:३५ ला खात्री केली, ३:४५ ला आपल्याला सांगितले.
>
> परिणाम: ६४ पैकी ४१ खात्यांत दुसऱ्याची रक्कम. १८ जणांना एकूण २,३६,५०० जास्त, २० जणांना तेवढेच कमी, ३ जणांना फरक नाही. सर्वांत मोठा फरक ३३,००० रुपये जास्त. पगाराचा हिशोब, टीडीएस, पीएफ, ईएसआयसी यांवर परिणाम नाही.
>
> झाले: कंत्राटी कामगारांची फाईल रोखली. मूळ फाईल आणि पोर्टलचा अहवाल जसाच्या तसा जपून ठेवला.
>
> चालू: २० जणांच्या फरकाची फाईल मूळ नोंदींवरून नव्याने बनवली आहे. दुसरे सहकारी ती ओळीगणिक ताडत आहेत, ४:४५ पर्यंत तयार.
>
> आपला निर्णय हवा: (१) २,३६,५०० ची आजची मंजुरी. (२) जास्त गेलेल्या १८ जणांशी एचआरने बोलणे. रक्कम आत्ताच परत घ्यायची की पुढच्या पगारातून वळती करायची.
>
> अजून माहीत नाही: मागच्या महिन्यांत असे झाले होते का. उद्या ११ पर्यंत सहा महिन्यांच्या फाईली तपासून कळवते.
>
> पुढची माहिती आज ६:३० ला.

मेलसोबत सगळ्यांच्या पगाराचा तक्ता जोडू नका. तो पासवर्ड लावून फक्त साहेब आणि एचआर यांना वेगळा पाठवा. तक्ता मेलला जोडणे हा चूक कळवताना ती दुसऱ्यांदा करण्याचा हमखास मार्ग आहे.

"अजून माहीत नाही" हा भाग बहुतेक जण गाळतात, त्याने अहवाल कच्चा दिसेल या भीतीने. उलट, तो भाग असला की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

दुरुस्ती चालू असताना

फरकाची फाईल घाईत बनते आणि दुसरी चूक तिथेच होते. चुकलेल्या फाईलमधून ओळी उचलू नका. कर्मचाऱ्यांच्या मूळ नोंदींतून कोडनुसार खाते क्रमांक घ्या आणि २० नोंदी, बेरीज २,३६,५०० हे जुळवा. बेरीज जुळली म्हणजे फाईल बरोबर असे नाही हे आत्ताच आपण पाहिले, म्हणून दुसऱ्या माणसाने एकेक खाते क्रमांक मोठ्याने वाचून ताडावा. २० ओळींना दहा मिनिटे लागतात.

जास्त गेलेल्या रकमेबद्दल साहेब बहुधा विचारतील, बँकेला सांगून परत घेता येत नाही का? खात्यात एकदा जमा झालेली रक्कम बँक खातेदाराच्या संमतीशिवाय काढून देत नाही, हे आधीच माहीत असू द्या. मग उरतात दोन वाटा: कर्मचाऱ्याने स्वतः परत पाठवणे किंवा लेखी संमतीने पुढच्या पगारातून वळती करणे. लहान रकमांना दुसरी वाट सोयीची. पण १९,००० पगाराच्या ऑपरेटरला ३३,००० जास्त गेले असतील तर ती चालत नाही. एका महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता येत नाहीत, म्हणजे फार तर ९,५००, आणि त्यातच पीएफसारख्या कपातीही आल्या. चार महिन्यांहून जास्त लागतील. अशा दोन-तीन मोठ्या रकमांसाठी आजच बोलणे झाले पाहिजे, ती रक्कम हप्त्यात किंवा खर्चात जाण्याआधी. कुणाच्या खात्यातून आधीच गेली असेल तर त्याला दोषी धरू नका. त्याने काहीच केलेले नाही.

६:३० ला सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी मेल गेलाच पाहिजे: "२० जणांचा फरक ५:३५ ला गेला, १८ जणांना जमा झाल्याचे दिसते, २ प्रलंबित, ८ वाजता पुन्हा बघते." साहेबांना विचारावे लागले की समजा उशीर झाला.

पुन्हा होऊ नये म्हणून

"यापुढे काळजी घेईन" ही योजना नव्हे. काळजी याही वेळी घेतलेली होती. योजना म्हणजे अशी तरतूद की थकलेल्या माणसाच्या हातूनही चूक पुढे सरकणार नाही. प्रत्येक तरतुदीसमोर कोण करणार आणि कधीपर्यंत ते लिहा. दोन-तीन पुरेत. दहा लिहिल्या तर एकही होत नाही.

पहिली तरतूद मुळावरची: रिकामा स्तंभ काढणे आणि पूर्ण यादी निवडून `Ctrl+T` ने तिचा टेबल करणे. टेबलमध्ये क्रम लावला की पूर्ण ओळ हलते. खाते क्रमांकाचा स्तंभ टेक्स्ट स्वरूपात ठेवा. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरते, काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात आणि शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो.

दुसरी तरतूद पकडणारी. रिकामा स्तंभ काढल्यावर कोड A मध्ये आणि खाते क्रमांक D मध्ये येतो. मूळ नोंदी `Master` नावाच्या पानावर त्याच मांडणीत ठेवा आणि प्रत्येक ओळीसमोर हे सूत्र घाला:

```
=D2=INDEX(Master!D:D,MATCH(A2,Master!A:A,0))
```

खाते क्रमांक त्या कोडचाच असेल तर `TRUE`, नसेल तर `FALSE`. कोड मूळ नोंदीत सापडलाच नाही तर `#N/A` येते, तेही नापासच धरायचे. एकही ओळ नापास असेल तर फाईल चढवायची नाही. साहेबांना हे नुसते सांगू नका, दाखवा. चुकलेल्या फाईलच्या प्रतीतला रिकामा स्तंभ काढून सूत्र चालवा. बरोबर ४१ वेळा `FALSE` यायला हवे. ज्या ३ जणांच्या रकमेत फरक नव्हता तेही यात सापडतात, रकमा ताडून ते सापडले नसते.

तिसरी तरतूद मंजुरीची. बेरजेसोबत मंजूर करणाऱ्यासमोर खातेनिहाय तुलना ठेवा: मागच्या महिन्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक असलेली खाती आणि पहिल्यांदाच आलेली खाती. एरवी ही यादी ओव्हरटाइम, रजा आणि नव्या लोकांमुळे पाच-सात ओळींची होते. या महिन्यात ती भलतीच लांब झाली असती आणि मंजुरीचा हात तिथेच थांबला असता.

या योजनेची मर्यादाही लिहा. `Master` मध्येच खाते क्रमांक चुकीचा भरला तर सूत्र `TRUE` च दाखवेल. म्हणून नव्या माणसाचा क्रमांक रद्द केलेल्या चेकवरून एकाने भरायचा आणि दुसऱ्याने ताडायचा.

पुढचे काही दिवस

साहेब चिडतील, ते धरूनच चला. त्या वेळी कारणे देऊ नका. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्या आणि पुढच्या कामाची वेळ सांगा. "हे वर कळवायला नको, आपल्यातच मिटवू" असे ते म्हणाले तर वाद न घालता तुमचा मेल तेवढा गेलेला असू द्या. त्यात तारीख, वेळ आणि आकडे आहेत, आणि उद्या ऑडिटमध्ये फरकाच्या २० नोंदी दिसणारच आहेत. नुकसान तुमच्या पगारातून कापायची भाषा निघाली तर आधी तुमची बाजू लेखी मांडण्याची संधी मागा. हयगयीमुळे झालेल्या नुकसानीची कपातही कारणे मांडू दिल्याशिवाय करता येत नाही.

प्रकरण बंद झाल्याचा शेवटचा मेल घाईने पाठवू नका. १८ जणांपैकी ज्याने "पाठवले" म्हटले ते वसूल धरायचे नाही, कंपनीच्या बँक स्टेटमेंटवर नोंद दिसली की धरायचे. ज्यांची रक्कम पगारातून वळती होणार आहे त्यांची संमतीपत्रे, शिल्लक आणि शेवटचा महिना यांची यादी करा आणि ती शून्यावर येईपर्यंत दर महिन्याला पगाराच्या फाईलसोबत साहेबांपुढे ठेवा.